अंतिम मुलाखतीनंतरचा नकाराचा मेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यातल्या मध्यम कारखान्यांत भरतीचं काम बहुतेक वेळा एक-दोन माणसांच्या अंगावर असतं. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. पहिल्या चाळणीत गळालेल्या अर्जांचा विचार या पानावर नाही. तीन-चार जण शेवटपर्यंत येतात, प्लांट हेडसमोर बसतात आणि ऑफर एकालाच जाते. उरलेल्यांना काय आणि कसं कळवायचं, एवढाच विषय आहे. सगळ्यात जास्त जागा फीडबॅकच्या दोन-तीन वाक्यांना दिली आहे, कारण बाकीचा मेल कोणालाही जमतो, पेन अडतं ते तिथेच.

ठरलेला मजकूर सगळ्यांना पाठवला तर काय बिघडतं?

अर्ज करून विसरून गेलेल्या माणसाला तो चालतो. अंतिम फेरीतला उमेदवार तसा नसतो. त्याने चालू नोकरीतून एकदा नाही, दोन-तीनदा रजा काढलेली असते. संगमनेर किंवा धुळ्याहून सकाळची एसटी पकडून तो आलेला असतो. तुम्ही त्याच्याकडून पगाराच्या स्लिपा मागवलेल्या असतात, नोटीस पिरियड किती, किती दिवसांत रुजू व्हाल हेही विचारलेलं असतं. हे सगळं विचारलं गेलं की माणूस मनाने अर्धा रुजू झालेलाच असतो आणि त्यात त्याची काही चूक नाही. अशा वेळी "आपल्या प्रोफाइलचा सध्या विचार करता येत नाही" एवढंच आलं की आपल्याला तिथे कोणी नीट ऐकलं तरी का, असा प्रश्न त्याला पडतो. त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: निर्णय काय झाला, कशावर झाला आणि त्याच्या बाजूने आता काही बाकी आहे का.

फीडबॅक नेमका आणायचा कुठून? पॅनेल तर "ठीक वाटला, पण नको" एवढंच सांगतं.

मेल लिहायला बसल्यावर फीडबॅक शोधू नका. तो मुलाखत संपल्यावर, पुढचा उमेदवार आत येण्याआधी कागदावर यायला हवा. आठवडा गेला की पॅनेलला फक्त आपलं मत आठवतं, ते कशावरून झालं ते नाही.

एक उदाहरण धरून चालू. अंबडमधला एक कारखाना मोटारींचे मशीन केलेले सुटे भाग बनवतो. क्वालिटी इंजिनिअरची एक जागा आहे. पॅनेलमध्ये प्लांट हेड, क्वालिटी मॅनेजर आणि एचआर. एका उमेदवाराला सहा वर्षांचा अनुभव आहे आणि कागदपत्रांचं काम पक्कं आहे. पीपॅपची, म्हणजे नव्या पार्टला ग्राहकाची मंजुरी घेण्याची, फाइल कशी उभी केली, गेज आर अँड आर, म्हणजे मोजमाप कितपत भरवशाचं आहे याची तपासणी, करताना ऑपरेटर कसे निवडले, हे त्याने न अडखळता सांगितलं. मग क्वालिटी मॅनेजरने विचारलं, "ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर आपले बोअर ओव्हरसाइज असलेले पार्ट सापडलेत. सकाळी दहाला फोन आलाय. संध्याकाळपर्यंत काय काय कराल?"

उमेदवार थेट फाइव्ह व्हायवर, म्हणजे "का?" असं पुन्हा पुन्हा विचारत मूळ कारण शोधण्यावर गेला. टूल झिजलं असेल, ऑफसेट चुकला असेल, ऑपरेटरने तपासलं नसेल. ग्राहकाच्या लाइनवर पडलेला माल, वाटेतल्या गाडीतला माल, आपल्या डिस्पॅचमधला तयार माल आणि शॉपवरचा अर्धवट माल यांचं काय, हे त्याच्या बोलण्यात आलं नाही. मॅनेजरने पुन्हा इशारा दिला, "आणि गाडी निघालेली असेल तर?" तरी उत्तर मूळ कारणावरच राहिलं आणि शेवटी "ऑपरेटरला ट्रेनिंग देऊ" इथे थांबलं.

मुलाखतीनंतर प्लांट हेड म्हणाले, "पोरगा हुशार आहे, पण फायर नाही." हे वाक्य मेलमध्ये घालण्यासारखं नाही आणि खरं तर निर्णयाचं कारण म्हणूनही पुरेसं नाही. एचआरने इथे एकच प्रश्न विचारायचा: "सर, हे कोणत्या उत्तरावरून वाटलं?" उत्तर आलं की तेच लिहून घ्यायचं. इथे क्वालिटी मॅनेजरने मुलाखतीच्या शीटवर लिहिलं होतं, "कंटेनमेंट नाही. दोनदा विचारलं. मूळ कारण ऑपरेटरवर थांबलं." कंटेनमेंट म्हणजे सदोष माल जिथे असेल तिथे आधी अडवणं. हा खरा कच्चा माल.

शीटवरची नोंद वापरण्याजोगी आहे की नाही, हे तीन गोष्टींवरून ठरवता येतं. ती मुलाखतीत ऐकलेल्या किंवा पाहिलेल्या गोष्टीवर आहे का? निर्णय खरोखर तिच्यामुळे फिरला का? आणि उमेदवाराला पुढच्या दोन-चार महिन्यांत त्यावर काही करता येईल का? "फायर नाही" पहिल्यावरच पडतं. "कंटेनमेंट नाही" तिन्हींतून पार होतं. शीटवर अशी एकही नोंद सापडली नाही, तर फीडबॅक रचू नका. रचलेला सल्ला उमेदवार मनापासून पाळतो आणि भलत्याच गोष्टीवर महिने घालवतो.

मग ते मेलमध्ये कसं उतरवायचं? पूर्ण नमुना मिळेल का?

वरच्याच उमेदवाराला पाठवायचा मेल असा होईल:

> विषय: क्वालिटी इंजिनिअर पद – अंतिम मुलाखतीचा निर्णय
>
> नमस्कार,
>
> मंगळवारी तुम्ही अंबडच्या प्लांटवर अंतिम मुलाखतीसाठी आलात, आमच्यासोबत शॉप फ्लोअरवर फिरलात आणि सगळ्या प्रश्नांना सविस्तर उत्तरं दिलीत, त्याबद्दल आभार. या पदासाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. त्यामुळे या वेळी तुमची निवड झालेली नाही.
>
> पीपॅप आणि गेज आर अँड आरचं तुमचं काम पॅनेलला भक्कम वाटलं. विशेषतः गेजच्या अभ्यासासाठी ऑपरेटर कसे निवडले हे तुम्ही ज्या स्पष्टपणे सांगितलंत, ते क्वालिटी मॅनेजरांनी मुद्दाम नोंदवलं आहे.
>
> निर्णयात फरक पडला तो ग्राहकाच्या तक्रारीच्या प्रश्नावर. तुमचं उत्तर लगेच मूळ कारणाकडे गेलं. सदोष माल ग्राहकाकडे, वाटेत आणि आपल्या स्टोअरमध्ये कुठे कुठे आहे आणि तो आधी कसा अडवायचा, हे त्यात आलं नाही. या जागेवर हे काम जवळपास रोजचं आहे. तुम्ही हाताळलेल्या एखाद्या तक्रारीचा एट-डी अहवाल पहिल्या चोवीस तासांपासून क्रमाने मांडून पाहिलात आणि दोष तयार कसा झाला यासोबत तो तपासणीतून निसटला कसा, हेही त्यात घेतलंत, तर पुढच्या मुलाखतीत उपयोग होईल.
>
> तुमच्या प्रवासखर्चाची रक्कम येत्या शुक्रवारपर्यंत खात्यावर जमा होईल. फीडबॅकबद्दल काही विचारायचं असेल, तर याच मेलला उत्तर द्या, दहा मिनिटं फोनवर बोलू.
>
> आपला,
> (नाव, एचआर विभाग, फोन)

आता यातलं काय कशासाठी आहे ते पाहू. निर्णय पहिल्याच परिच्छेदात आहे. माणूस मेल मोबाइलवर उघडतो, बहुधा कामाच्या जागी, चोरून. त्याची नजर एकच गोष्ट शोधत असते. आधी चार ओळी कौतुक वाचून त्याची आशा वाढते आणि पाचव्या ओळीत ती मोडते. तसं करू नका. आभार एका वाक्यात, लगेच निर्णय. "निवड झालेली नाही" असं सरळ लिहा. "सध्या पुढे जाता येत नाही", "निर्णय प्रलंबित ठेवत आहोत" अशा वाक्यांनी माणूस महिनाभर वाट पाहत राहतो आणि दुसरीकडची ऑफर हातची घालवतो.

कौतुक खरं आणि एका प्रसंगाशी बांधलेलं आहे. "तुमचा अनुभव उत्तम आहे" हे कोणालाही लिहिता येतं. गेजसाठी ऑपरेटर कसे निवडले हे फक्त यालाच लिहिता येतं आणि त्यावरूनच त्याला कळतं की पुढची टीकाही कोणीतरी लक्ष देऊन ऐकल्यावरची आहे.

फीडबॅकमध्ये एकच मुद्दा आहे. शीटवर आणखीही असेल: इंग्रजी बोलताना अडखळला, एक्सेलमध्ये कच्चा आहे. निर्णय त्यावर फिरला नव्हता, म्हणून ते नाही. पाच उणिवा मोजून दाखवल्या की त्यातली खरी कोणती हे उमेदवाराला कळत नाही आणि मेल शिक्षकाच्या शेऱ्यासारखा होतो. वाक्यांचा कर्ता कोण आहे तेही बघा. "उत्तर मूळ कारणाकडे गेलं", "त्यात आलं नाही". "तुम्हाला कंटेनमेंट येत नाही" असं कुठेही म्हटलेलं नाही. त्याला ते येतही असेल, त्या दिवशी सुचलं नसेल. पॅनेलने फक्त उत्तर ऐकलं आहे, तेवढंच लिहायचं.

निवडलेल्या उमेदवाराशी तुलना नाही. "त्यांना तुमच्यापेक्षा जास्त अनुभव होता" हे खरं असलं तरी त्या दुसऱ्या माणसाची माहिती बाहेर देण्याचं कारण नाही. अंबड आणि सातपूर तसं लहानच जग आहे. कोण कुठे रुजू झालं हे पंधरवड्यात कळतं आणि मग मेलमधल्या वाक्याचा पडताळा घेतला जातो.

नाकारण्याचं खरं कारण उमेदवाराच्या हातातलं नसेल तर?

तेही तसंच सांगा. आतल्याच माणसाला बढती दिली, ग्राहकाचा प्रोजेक्ट पुढे ढकलला गेल्याने जागाच थांबवली, पगाराची अपेक्षा बजेटच्या बाहेर होती, हे सगळं सांगण्यासारखं आहे. "या पदावर आम्ही कंपनीतल्याच एका सहकाऱ्याला घेतलं आहे. तुमच्या मुलाखतीतल्या कोणत्याही उणिवेमुळे हा निर्णय झालेला नाही." एवढं वाचून त्याचा जीव हलका होतो. अशा वेळी शोभेसाठी फीडबॅक जोडू नका.

पगाराच्या बाबतीत मात्र एक गोष्ट तपासा. अपेक्षा पहिल्याच फोनवर कळली होती आणि तरी तीन फेऱ्या घेतल्या असतील, तर ते कारण लिहिताना आधी दिलगिरी लिहावी लागेल.

फीडबॅकमध्ये काय येऊच नये?

वय, लग्न, मुलं, गरोदरपण, जात, धर्म, अपंगत्व, आजार, आणि यांना दुरून स्पर्श करणारं काहीही. "सेकंड शिफ्ट असल्यामुळे तुम्हाला जमलं नसतं" हे एखाद्या बाईंना काळजीपोटी लिहिलं जातं. त्यांनी शिफ्टला होकार दिला असेल, तर हा नकार त्या बाई आहेत म्हणून झाला असाच त्याचा अर्थ होतो. वेतन संहिता, 2019 मध्ये भरतीत लिंगावरून भेदभावाला मनाई आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 आणि ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, 2019 हे खासगी आस्थापनांनाही लागू होतात. अशा वाक्यावर अडकलात, तर मेल खोडून सुटका नाही. निर्णयच परत पॅनेलकडे न्यायला हवा.

"आमच्या वातावरणात बसणार नाही" हेही नको. त्यातून उमेदवाराला काहीच करता येत नाही आणि त्यामागे बहुतेक वेळा न सांगितलेलं दुसरंच कारण असतं.

कारण लिहून दिलं तर कायदेशीर अडचण होईल, असं आमचे साहेब म्हणतात.

खासगी कंपनीने नकाराचं कारण दिलंच पाहिजे अशी सर्वसाधारण सक्ती नाही, हे साहेबांचं बरोबर आहे. पण अडचण कारण लिहिल्याने येत नाही, चुकीच्या कारणाने येते. कामाशी जोडलेलं आणि शीटवरच्या नोंदीशी जुळणारं कारण उलट तुमच्या बाजूचा पुरावा ठरतं. शीट आणि मेल यांत फरक पडला तर मात्र पंचाईत. म्हणून पाठवण्याआधी मेलचा फीडबॅकचा परिच्छेद क्वालिटी मॅनेजरला वाचायला द्या आणि "हेच कारण ना?" एवढं विचारून घ्या.

मेल कधी पाठवायचा? निवडलेल्याने ऑफर स्वीकारेपर्यंत थांबावं का?

यावर सगळ्यात जास्त वाद होतात. दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार हाताशी ठेवावा असं कंपनीला वाटतं आणि त्यात गैर काही नाही. नोटीस पिरियड साठ किंवा नव्वद दिवसांचा असला की निवडलेला माणूस मध्येच दुसरीकडे वळू शकतो.

पण हे सगळ्यांसाठी सारखं नसतं. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावरच्यांना तुम्ही काही झालं तरी घेणार नाही, मग त्यांना निर्णय झाल्यावर दोन दिवसांत मेल जायलाच हवा. थांबायचं असेल तर ते फक्त दुसऱ्या क्रमांकासाठी आणि तेही त्याला सांगून: "पहिली ऑफर दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. त्यांचं उत्तर सोमवारपर्यंत येईल. मंगळवारी तुम्हाला नक्की कळवतो. या काळात दुसरी संधी आली तर आमच्यासाठी थांबू नका." मंगळवारी उत्तर आलं नसेल तरी मंगळवारीच मेल करायचा. ऑफर स्वीकारली गेली की नकार पाठवायचा. निवडलेला माणूस प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत दोन-तीन महिने कुणाला टांगून ठेवणं योग्य नाही.

साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी पाठवणं टाळा. फोन करायची तयारी दाखवायची आणि फोन बंद ठेवायचा, असं होतं.

फोन करावा की मेलच बरा?

आधी मेल. उमेदवार बहुधा तुमच्यापासून दोन प्लॉट सोडून असलेल्या कारखान्यात काम करत असतो. सहकारी शेजारी असताना फोनवर नकार ऐकायचा आणि चेहरा सरळ ठेवायचा, ही शिक्षा त्याला कशाला? मेल तो सावकाश, एकटा असताना वाचू शकतो. नंतर बोलायचं की नाही, हे त्याला ठरवू द्या. मेल त्याच्या वैयक्तिक पत्त्यावरच जाईल याची खात्री करा. चालू कंपनीचा ईमेल रेझ्युमेवर दिलेला असला तरी तिथे पाठवायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर निर्णय नको. फार तर "मेल पाठवला आहे, सवडीने पाहा" एवढं कळवा.

मराठीत लिहावं की इंग्रजीत?

मुलाखत ज्या भाषेत झाली त्या भाषेत. तासभर मराठीत बोलल्यावर एकदम इंग्रजीत नकार गेला की तो वकिलाच्या नोटिशीसारखा वाटतो. मराठीत लिहिताना "तुम्ही" किंवा "आपण" यांतलं एकच धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

उमेदवार ओळखीतून आला होता. ज्यांनी पाठवलं त्यांना काय सांगायचं?

नाशिकमध्ये हे नेहमीचं आहे. एखादा जुना व्हेंडर, कॉलेजचे प्राध्यापक, मालकांचे नातेवाईक कुणाचं तरी नाव सुचवतात. उमेदवाराला मेल अगदी तसाच आणि सगळ्यांच्या आधी त्यालाच. सुचवणाऱ्यांना नंतर फोन करून एवढंच सांगा, "काका, या वेळी जमलं नाही. त्यांना सविस्तर कळवलं आहे." फीडबॅक काय दिला ते सांगू नका. ती त्या उमेदवाराची गोष्ट आहे, त्याला वाटलं तर तो सांगेल. प्लेसमेंट कन्सल्टंटमार्फत आलेल्या उमेदवारालाही अंतिम फेरीनंतर कंपनीनेच लिहावं. कन्सल्टंटला त्याच दिवशी निर्णय कळवा, म्हणजे दोन वेगळी कारणं उमेदवारापर्यंत जाणार नाहीत.

उमेदवाराने रागाने उत्तर दिलं किंवा वाद घातला तर?

वरच्या उमेदवाराने लिहिलं समजा, "मी कंटेनमेंट सांगितलं होतं, तुम्ही नीट ऐकलं नाही." आधी शीट बघा. खरंच सांगितलं असेल तर तसं मान्य करा आणि पॅनेलला कळवा. शीट वेगळं सांगत असेल तर उत्तर एकदाच, थोडक्यात: "तुमचं म्हणणं मी पॅनेलला कळवलं. आमच्या नोंदीत तो भाग आलेला नाही, त्यामुळे निर्णय तोच राहतो." दुसरी फेरी खेळू नका. शीट किंवा गुण पाठवू नका. दुसऱ्या दिवशी "सॉरी, कालचं जरा रागात लिहिलं" असा मेल आला, तर दोन ओळींचं प्रेमाचं उत्तर जरूर द्या आणि कालच्या मेलवरून त्याच्या नावापुढे कुठलाही शेरा मारू नका.

"पुढे संधी आली तर नक्की कळवू" हे लिहावं का?

खरंच कळवणार असाल तरच. वरच्या नमुन्यात ते मुद्दाम नाही, कारण त्या कारखान्यात वर्षभर तशी दुसरी जागा निघण्याची चिन्हं नव्हती. लिहायचं असेल तर नेमकं लिहा: "डिसेंबरमध्ये सिन्नरच्या युनिटसाठी इनकमिंग इन्स्पेक्शनची जागा निघेल. त्यासाठी तुमचा रेझ्युमे ठेवला तर चालेल का?" परवानगी विचारलेली बरी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 ने माणसाच्या माहितीसाठी त्याची संमती मध्यभागी आणली आहे आणि पगाराच्या स्लिपा, आधारच्या प्रती अशा गोष्टी तर परवानगी नसेल तर काढून टाकायलाच हव्यात.

निवडलेला माणूस आलाच नाही. आता नाकारलेल्याला परत विचारता येईल का?

येईल, पण त्याची किंमत पहिल्या मेलवर ठरते. "सध्या जागा नाही" असं लिहिलं असेल, तर आता जागा कुठून आली हे सांगावं लागेल. "दुसऱ्या उमेदवाराची निवड केली" असं लिहिलं असेल, तर पुढचं वाक्य सोपं आहे: "ज्यांची निवड झाली होती ते रुजू होऊ शकले नाहीत. तुम्हाला अजून रस असेल तर पॅनेलला तुमच्याशी पुन्हा बोलायला आवडेल." ऑफरच देऊ नका, पुन्हा भेटा. फीडबॅक आधीच दिलेला आहे, म्हणून क्वालिटी मॅनेजरने तोच तक्रारीचा प्रश्न नव्या पार्टवर, नव्या दोषावर विचारावा. गाडीतला माल आणि स्टोअरमधला माल उमेदवाराने या वेळी आपणहून आधी अडवला, तर उत्तर तुमच्यासमोर आहे. पगार मात्र पहिल्याला देऊ केला होता त्यापेक्षा कमी लावू नका. ते त्याला कळतंच, अंबडमध्ये तर चहाच्या टपरीवरच कळतं.